५३७ बॉम्ब, ५७६ चौकोन

१३ जून १९४४ रोजी पहिला व्ही-१ बॉम्ब लंडनवर पडला. विमानासारखे पंख असलेलं पण आत माणूस नसलेलं हे यंत्र होतं. पोटात सुमारे ८५० किलो स्फोटकं, दिशा धरून ठेवायला जायरोस्कोप आणि कापलेलं अंतर मोजायला नाकावर एक लहानसा पंखा. ठरलेलं अंतर पुरं झालं की ते खाली झेपावे. जर्मनांचं लक्ष्य टॉवर ब्रिज होतं, पण अशा यंत्रणेने नेम तो किती साधणार? काही बॉम्ब अलीकडे पडत, काही पलीकडे. तरीही बॉम्ब ठरावीक जागी घोळक्याने पडतात, असं लंडनमध्ये वारंवार बोललं जाई.

हे खरं असतं तर त्याचा अर्थ गंभीर होता. घोळके म्हणजे नेम, आणि नेम म्हणजे काही वस्त्या मुद्दाम वेचल्या जात असल्याची शक्यता. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये आर. डी. क्लार्क नावाच्या विमागणिततज्ज्ञाने हा समज तपासून पाहिला. त्याने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा तुकडा घेतला आणि त्याचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ सारखे चौकोन पाडले. त्या तुकड्यात एकूण ५३७ बॉम्ब पडले होते. मग त्याने नुसती मोजदाद केली: किती चौकोन कोरे राहिले, किती चौकोनांत एकच बॉम्ब पडला, किती चौकोनांत दोन. हे आकडे त्याने ज्या सूत्राशी ताडून पाहिले ते तेव्हाच शंभर वर्षांहून जुनं होतं. ते सूत्र कुठून येतं हे पाहायला लंडनचाच नकाशा घेऊ, कारण त्याची प्रत्येक पायरी तिथे आकड्यांत दिसते.

आधी प्रश्न नीट मांडू. समजा नेम बिलकुल नाही. बॉम्ब या तुकड्यात पडणार एवढंच नक्की, पण ५७६ पैकी कुठल्याही चौकोनात पडण्याची शक्यता सारखीच. आता एकच चौकोन निवडा आणि त्याच्यावरच लक्ष ठेवा. या चौकोनाच्या दृष्टीने प्रत्येक बॉम्ब ही एक चाचणी आहे. बॉम्ब इथे पडला तर ‘यश’ (गणितातला हा शब्द इथे क्रूर वाटतो, पण रूढ आहे), नाही पडला तर अपयश. चाचण्यांची संख्या n = ५३७. एका चाचणीत यशाची शक्यता p = १/५७६. एका बॉम्बचा दुसऱ्याशी संबंध नाही.

कॉलेजात ज्यांनी द्विपद वितरण केलं आहे त्यांना पुढचं सूत्र आठवेल. बरोबर k बॉम्ब या चौकोनात पडण्याची संभाव्यता

P(k) = C(n, k) × p^k × (१ − p)^(n − k)

इथे C(n, k) म्हणजे n बॉम्बांतून k बॉम्ब किती प्रकारे निवडता येतात ती संख्या. निवडलेले k बॉम्ब आत पडले म्हणून p चा k वेळा गुणाकार, उरलेले बाहेर पडले म्हणून (१ − p) चा n − k वेळा गुणाकार. तर्क सरळ आहे, त्रास हिशेबात आहे. दोन बॉम्ब पडण्याची संभाव्यता हवी असेल तर ५७५/५७६ या अपूर्णांकाचा ५३५ वेळा गुणाकार करायचा. आज मोबाईलवर तो क्षणात होतो, पण सोय हे या गोष्टीचं अर्धंच कारण आहे. दुसरं कारण पुढे येईल.

एक संख्या मात्र या गुणाकारांच्या जंगलातही सोपी राहते. ५३७ बॉम्ब ५७६ चौकोनांत वाटले तर एका चौकोनाच्या वाट्याला सरासरी ५३७/५७६, म्हणजे ०.९३२३ बॉम्ब येतो. हा n आणि p यांचा गुणाकार आहे. त्याला λ म्हणू, ग्रीक लिपीतला लॅम्डा.

आता मनाशी लंडन वाढवा. बॉम्बांची दाटी तीच ठेवायची, पण तुकडा दहापट मोठा घ्यायचा: ५,३७० बॉम्ब, ५,७६० चौकोन. मग शंभरपट, हजारपट. दर वेळी n वाढतो, p त्याच प्रमाणात आक्रसतो आणि λ जागचा हलत नाही. आपण ज्या एका चौकोनावर लक्ष ठेवून आहोत त्याच्या नशिबात या ताणाताणीने किती फरक पडतो? ‘n अनंताकडे जातो’ याचा अर्थ इथे एवढाच. अनंत बॉम्ब कुणी टाकत नाही. प्रश्नांची एक रांग आहे आणि तिच्यातली उत्तरं कुठे जाऊन स्थिरावतात ते पाहायचं आहे.

सुरुवात कोऱ्या चौकोनापासून करू. एकही बॉम्ब न पडण्याची संभाव्यता (१ − p)^n. p म्हणजे λ/n, म्हणून ती होते (१ − λ/n)^n. या राशीत दोन ओढी आहेत. कंसातली संख्या १ च्या जवळ सरकते आहे, म्हणून उत्तर १ कडे जावं असं वाटतं. पण घात वाढतो आहे, आणि १ पेक्षा लहान संख्येचा मोठा घात शून्याकडे जातो. कोण जिंकतं? λ = १ घेऊन करून पाहा. n = १० असताना उत्तर ०.३४८७ येतं, n = १०० असताना ०.३६६०, n = १००० असताना ०.३६७७. म्हणजे कुणीच जिंकत नाही, दोघांची ओढ ०.३६७९ च्या आसपास तुल्यबळ होते. बँकेतल्या चक्रवाढ व्याजाचं गणित उलटं चालवावं तसं हे आहे. वर्षाचा दर तोच ठेवून व्याज अधिकाधिक वेळा आकारलं तरी रक्कम बेसुमार वाढत नाही, e या संख्येच्या घाताशी येऊन थांबते. e म्हणजे सुमारे २.७१८२८. इथे वाढीऐवजी घट आहे, म्हणून घातांक ऋण: e^(−१) = ०.३६७९.

हे आकड्यांच्या भरवशावर सोडण्याची गरज नाही. लॉगरिदम घेतला की घात खाली उतरून गुणाकार होतो, आणि x लहान असेल तर १ − x चा नैसर्गिक लॉगरिदम −x − x²/२ − … असा उलगडतो. x च्या जागी λ/n ठेवा आणि n ने गुणा. पहिलं पद −λ. दुसरं −λ²/(२n). त्यापुढची पदं याहून बारीक. n वाढत गेला की दुसऱ्या पदापासून सगळी गळून पडतात आणि −λ एकटा उरतो. म्हणून (१ − λ/n)^n ची सीमा e^(−λ).

ते गळून पडलेलं दुसरं पद मला या साऱ्या मांडणीत सर्वांत उपयोगी वाटतं. पाठ्यपुस्तकं ते भरभर पुसून टाकतात. पण सीमेला पोचण्याआधीच थांबलो तर चूक किती होईल हे तेच सांगतं. लंडनसाठी λ²/(२n) म्हणजे सुमारे ०.०००८. म्हणजे कोऱ्या चौकोनांच्या अंदाजात हजारात एकाहूनही कमी फरक. प्रत्यक्ष द्विपद सूत्राने ५७६ पैकी २२६.६ चौकोन कोरे राहायला हवेत, सीमेच्या सूत्राने २२६.७. n फक्त ५३७ असताना ही स्थिती आहे, अनंत तर दूरच.

आता कोऱ्या चौकोनापासून पुढे कसं जायचं? रूढ पद्धत अशी की C(n, k) क्रमगुणितांत उलगडायचं आणि तीन-चार अवयवांची सीमा वेगवेगळी घ्यायची. ती बरोबर आहे, पण तिच्यात चाललंय काय ते दिसत नाही. त्याऐवजी शेजारच्या दोन संभाव्यतांचं गुणोत्तर घ्या. P(k+१) ला P(k) ने भागलं की बहुतेक सगळं कटतं आणि उरतं ते इतकंच:

P(k+१) / P(k) = (n − k)/(k + १) × p/(१ − p)

लंडनमध्ये शून्यावरून एकावर जाताना हे गुणोत्तर ५३७/५७५, म्हणजे ०.९३३९. एकावरून दोनावर जाताना ५३६/११५०, म्हणजे ०.४६६१. दोनावरून तीनावर ५३५/१७२५, म्हणजे ०.३१०१. अंशात ५३७, ५३६, ५३५ असे आकडे उतरताना दिसतात. एक बॉम्ब वापरला गेला की पुढच्यासाठी एक कमी उरतो, त्याची ती नोंद. पण साठा मोठा असताना एक-दोन बॉम्ब कमी झाल्याने काय बिघडतं? n वाढला की (n − k) × p हे np कडे, म्हणजे λ कडे जातं, आणि १ − p हा १ कडे. उरतं λ/(k + १). आपल्या λ साठी ही गुणोत्तरं ०.९३२३, ०.४६६१, ०.३१०८. वरच्यांशी ताडून पाहा.

म्हणजे शून्यावरून एकावर जाताना λ ने गुणायचं, एकावरून दोनावर λ/२ ने, दोनावरून तीनावर λ/३ ने. k पायऱ्या चढलो की वर λ^k जमतो आणि खाली १ × २ × ३ × … × k, ज्याला k! लिहितात. सुरुवातीचा e^(−λ) धरून सूत्र पुरं होतं:

P(k) = e^(−λ) × λ^k / k!

द्विपद वितरणाची ही सीमा फ्रेंच गणिती सिमेओं दनी प्वासाँ यांनी १८३७ मध्ये न्यायालयांच्या निकालांच्या संभाव्यतेवरच्या आपल्या ग्रंथात दिली, म्हणून वितरणाला त्यांचं नाव. द मुआव्र १७११ मध्येच जवळपास इथवर पोचला होता, पण नावं देताना इतिहास फार काटेकोर नसतो.

सूत्रात n नाही आणि p ही नाही. दोन्ही आकडे वाटेत विरघळले, त्यांचा गुणाकार तेवढा उरला. ५३७ बॉम्ब आणि ५७६ चौकोन असोत की ५,३७० आणि ५,७६०, एका चौकोनासाठी उत्तर जवळजवळ तेच. मघाशी राखून ठेवलेलं दुसरं कारण हे. त्याकडे पुन्हा येऊ, आधी क्लार्कचे आकडे पाहू.

| चौकोनात पडलेले बॉम्ब | प्रत्यक्ष चौकोन | सूत्रानुसार अपेक्षित |
|---|---|---|
| ० | २२९ | २२६.७४ |
| १ | २११ | २११.३९ |
| २ | ९३ | ९८.५४ |
| ३ | ३५ | ३०.६२ |
| ४ | ७ | ७.१४ |
| ५ किंवा अधिक | १ | १.५७ |

शेवटच्या ओळीतल्या त्या एका चौकोनात सात बॉम्ब पडले होते. तिथे राहणाऱ्या माणसाला ‘हा योगायोग आहे’ असं सांगायला धीर लागला असता. पण रांगा शेजारी ठेवून पाहा. जिथे घोळके आहेत तिथे कोरे चौकोनही जास्त असायला हवेत आणि खूप बॉम्ब पडलेले चौकोनही, कारण बॉम्ब एकीकडून ओढून दुसरीकडे जमा व्हायला हवेत. तसं काही दिसत नाही. तीनच्या ओळीत चार-पाच चौकोन जास्त आहेत, दोनच्या ओळीत पाच-सहा कमी, आणि एवढं खालीवर होणं निव्वळ योगायोगानेही सहज घडतं.

हेच एका आकड्यात पाहायचं तर प्रचरण काढावं. प्रचरण म्हणजे प्रत्येक चौकोनातल्या संख्येच्या सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग, आणि त्या वर्गांची सरासरी. द्विपद वितरणात ते np(१ − p) असतं. p आक्रसला की कंस १ होतो, म्हणून प्वासाँ वितरणात प्रचरण आणि सरासरी दोन्ही λ. हा या वितरणाचा ठसा. क्लार्कच्या आकड्यांतून प्रचरण ०.९६९ येतं, सरासरी ०.९३२. भागाकार १.०४. ५७६ चौकोन असताना हा भागाकार नुसत्या योगायोगाने १ पासून ०.०६ च्या आसपास हलू शकतो, म्हणून १.०४ मध्ये संशयास्पद काही नाही. खरे घोळके असते तर तो दीडच्या, दोनच्या घरात गेला असता.

डोळ्यांना मात्र घोळके दिसतात, आणि ते का हेही याच तक्त्यात आहे. नेम बिलकुल नसतानाही ५७६ पैकी २२७ चौकोन कोरे राहणार आणि चाळीसेक चौकोनांवर तीन किंवा जास्त बॉम्ब पडणार. यादृच्छिक म्हणजे सगळीकडे सारखं शिंपडलेलं, अशी आपली समजूत असते. प्रत्येक चौकोनात बरोबर एकेक बॉम्ब पडला असता तर ती कुणाच्या तरी नियोजनाची खूण ठरली असती.

या निष्कर्षाची कुंपणंही पाहायला हवीत. क्लार्कने सगळं लंडन घेतलं नव्हतं. बॉम्बांची दाटी जवळपास सारखी होती असाच तुकडा त्याने निवडला. सबंध शहराचा नकाशा घेतला असता तर मध्ये दाट, कडेला विरळ असं चित्र आलं असतं, प्रत्येक चौकोनाचा λ वेगळा ठरला असता आणि एकच λ धरलेलं सूत्र बसलं नसतं. त्यामुळे ‘जर्मन नेम धरतच नव्हते’ असं या तक्त्यावरून म्हणता येत नाही. या तुकड्यातले अमुक चौकोन त्यांना निवडता येत नव्हते, एवढंच म्हणता येतं.

आता ते दुसरं कारण. लंडनमध्ये n आणि p दोन्ही माहीत होते. बहुतेक खऱ्या प्रश्नांत ते नसतात. १८९८ मध्ये लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी ‘लहान संख्यांचा नियम’ या अर्थाच्या नावाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांचे १८७५ ते १८९४ या वीस वर्षांचे आकडे आहेत. इथे चाचणी म्हणजे काय? सैनिक घोड्यामागून गेला की एक चाचणी? अशा चाचण्या वर्षाला किती हजार होतात आणि एका वेळी मरणाची शक्यता किती, हे ना सैन्याला ठाऊक ना घोड्याला. द्विपद सूत्र इथे मांडताच येत नाही. पण सीमेने n आणि p पुसून टाकले असल्याने ते लागतही नाहीत. λ पुरतो, आणि तो नोंदवहीतून मिळतो. रचनेने वेगळ्या असलेल्या चार कोअर वगळून दहा कोअरची वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी घेतल्या तर मृत्यू १२२, सरासरी ०.६१. एकही मृत्यू नाही अशा नोंदी १०९, सूत्र सांगतं १०८.७. एक मृत्यू असलेल्या ६५, सूत्र सांगतं ६६.३. प्रचरण ०.६०८. इतकं चपखल जुळणं थोडं नशिबाचंही आहे, म्हणूनच हे उदाहरण पुस्तकातून पुस्तकात फिरत राहिलं.

सूत्र कुठे फसतं हे गुणोत्तराच्या त्या पायरीतच दडलेलं आहे. तिथे आपण दोन गोष्टी सोडून दिल्या होत्या: n − k मधला k, आणि १ − p मधला p. म्हणून p मोठा असला की सगळं कोसळतं. नाणं दहा वेळा उडवा. n = १०, p = १/२, λ = ५. एकही छापा न पडण्याची खरी संभाव्यता १/१०२४, म्हणजे ०.००१ हून किंचित कमी. प्वासाँचं सूत्र सांगतं e^(−५), म्हणजे ०.००६७. जवळजवळ सातपट. पाच छाप्यांसाठी खरं उत्तर ०.२४६, सूत्राचं ०.१७५. शिवाय ते अकरा, बारा छाप्यांनाही थोडी संभाव्यता देऊन टाकतं, नाणं दहाच वेळा उडवलेलं असताना.

n मोठा असणं इथे पुरेसं नसतं. p = १/२ ठेवून नाणं हजार वेळा उडवलं तर सूत्र सुधारत नाही. ल्युसिएँ ल काम यांनी १९६० मध्ये चुकीची एक मर्यादा दिली. कुठल्याही घटनेसाठी द्विपद आणि प्वासाँ उत्तरांतला फरक np² हून अधिक नसतो. लंडनसाठी ही मर्यादा ५३७/५७६², म्हणजे ०.००१६. दहा नाण्यांसाठी ती २.५ येते, आणि संभाव्यतांतला फरक १ हून अधिक होऊच शकत नसल्याने ती काहीच सांगत नाही. या मर्यादेचं एक रूप याहूनही उदार आहे. प्रत्येक चाचणीचा p वेगळा असला तरी चालतं, np² च्या जागी सगळ्या p च्या वर्गांची बेरीज घ्यायची आणि λ साठी सगळ्या p ची बेरीज. घोडेस्वार सगळे सारखे सावध नसतात, तरी हिशेब टिकतो तो म्हणून.

परस्परसंबंध मात्र या मर्यादेत बसत नाही. गोवराचे रुग्ण मोजायला हेच सूत्र लावलं तर p कितीही लहान आणि n कितीही मोठा असला तरी उपयोग नाही, कारण घरातल्या एका मुलाला गोवर झाला की दुसऱ्याचा p तिथल्या तिथे वाढतो. सरासरी जुळते, पण प्रचरण तिच्यापुढे निघून जातं. साथीच्या आकड्यांत म्हणूनच आधी सरासरीशेजारी प्रचरण लिहून पाहावं. ते दुप्पट-तिप्पट निघालं तर λ काढण्याऐवजी कोण कुणाच्या घरी गेलं होतं ते विचारायला लागावं.